२४ लेक्चर्स, १८ दिवस

सेमिस्टर संपत आलं की विद्यार्थ्याच्या हातात पुस्तक नसतं, एक फोल्डर असतं. त्यात `Lec01.pdf` पासून `Lec24.pdf` पर्यंत फायली, प्रत्येकीत चाळीसेक स्लाइड्स. या स्लाइड्स वाचण्यासाठी लिहिलेल्याच नसतात. शिकवणाऱ्याला पुढचा मुद्दा आठवावा एवढ्यासाठी त्या असतात, आणि दोन मुद्द्यांच्या मधलं सगळं तो तोंडाने सांगतो. जो वर्गात बसला होता त्याला स्लाइड पाहिली की ते मधलं ऐकू येतं. जो त्या संध्याकाळी ऑफिसात अडकला होता त्याला चार बुलेट आणि एक बाण दिसतो. म्हणून नोकरी करून शिकणाऱ्यांची उजळणी इतरांपेक्षा वेगळी आखावी लागते. त्यांच्याकडे वेळ कमी असतो हे खरंच, पण निम्मी लेक्चर्स ते पहिल्यांदाच पाहत असतात, हेही तितकंच खरं.

या प्रकरणात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, पुण्यातली एक विद्यार्थिनी दिवसा एका पतसंस्थेत काउंटरवर बसते आणि संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला संध्याकाळच्या वर्गांना जाते. विषय ऑपरेटिंग सिस्टीम. पेपर सोमवारी आहे आणि आज गुरुवार, आजचा धरून हातात पूर्ण अठरा दिवस. सोमवार ते शुक्रवार तिला रोज दीड तास मिळतो: सकाळी बसमध्ये बसायला जागा मिळते तो अर्धा तास आणि रात्री जेवणानंतरचा एक तास. शनिवारी अर्धा दिवस काम असतं, त्यामुळे तीन तास निघतात. रविवारी पाच. आजपासून पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत बारा कामाचे दिवस, तीन शनिवार आणि तीन रविवार येतात. सगळी बेरीज ४२ तास.

आता बहुतेकजण जे करतात ते करून पाहू. २४ भागिले १८, म्हणजे तीन दिवसांत चार लेक्चर्स. भिंतीवर कागद लागतो, रोज एक-दोन खुणा होतात, आणि शेवटचं लेक्चर बरोबर पेपरच्या आदल्या रात्री संपतं. कागद सुंदर दिसतो, पण त्याप्रमाणे चाललं तर पेपरच्या दिवशी पहिलं लेक्चर अठरा दिवसांपूर्वी एकदाच पाहिलेलं असतं आणि मधल्या काळात त्याच्याकडे कोणी वळून पाहिलेलं नसतं. चोविसावं काल रात्री डोळे मिटत असताना वाचलेलं असतं. पाहिलेलं सगळंच, पण आठवायचा सराव एकाचाही नाही. अशा वेळापत्रकाला उजळणीचं म्हणणंच चूक आहे. ते वाचून संपवण्याचं वेळापत्रक आहे.

उजळणीच्या वेळापत्रकात प्रत्येक लेक्चर निदान तीनदा भेटलं पाहिजे, आणि तिन्ही भेटी सारख्या नसतात. पहिली भेट साधारण ४५ मिनिटांची: लेक्चर समजून घ्यायचं आणि त्यावर प्रश्न लिहायचे. दुसरी २० मिनिटांची, दुसऱ्या दिवशी: स्लाइड्स बंद करून त्या प्रश्नांची उत्तरं कोऱ्या कागदावर. तिसरी १० मिनिटांची, साधारण आठवड्याने: जिथे अडलं होतं तेवढंच. चोवीस लेक्चर्सना पहिल्या भेटींचे १८ तास लागतात, दुसऱ्यांचे ८ आणि तिसऱ्यांचे ४. एकूण ३०. उरलेल्या बारा तासांत एक पूर्ण जुना पेपर सोडवायचा, शेवटचा रविवार मोकळा ठेवायचा, आणि तरीही चारेक तास हातात राहतात. ते तास आधीच कशाला तरी वाटून टाकू नयेत. ते कुठे जातात ते पुढे येईलच.

एक दिवस आणि एक आठवडा ही अंतरं कुठून आली? अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते, हे हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून दाखवलं होतं. किती अंतर, याचं चांगलं उत्तर बरंच उशिरा मिळालं. निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं की योग्य अंतर परीक्षा किती लांब आहे यावर ठरतं. चाचणी आठवड्याने असेल तर दोन भेटींत साधारण एका दिवसाचं अंतर सर्वांत फायद्याचं ठरलं. चाचणी ३५ दिवसांनी असेल तर ते अंतर अकरा दिवसांच्या आसपास गेलं. आपल्या अठरा दिवसांत म्हणून आधी एक दिवस आणि मग आठवडाभर अशी मांडणी बसते. हे आकडे मुहूर्ताचे नाहीत. तो प्रयोग सुट्या माहितीवर होता, बँकर्स अल्गोरिदमचं गणित सोडवण्यावर नव्हता. एकाऐवजी दोन दिवस गेले किंवा सातऐवजी पाच, तर काही कोसळत नाही. अंतर शून्य झालं तर मात्र दुसरी भेट वाया जाते.

वेळापत्रक आखायच्या आधी फोल्डरची खरी लांबी मोजावी. चोवीस फायली आणि सरासरी चाळीस पानं म्हणजे जवळपास हजार पानं, हा आकडाच घाबरवणारा आहे. पण स्लाइड्सच्या पीडीएफमध्ये एक गंमत असते. वर्गात एकेक ओळ टप्प्याटप्प्याने दिसावी म्हणून शिक्षकांनी केलेली एकच स्लाइड पीडीएफमध्ये पाच-सहा पानं होऊन बसते, आणि दर पानावर एक ओळ जास्त. अशा मालिकेतलं शेवटचं पान तेवढं वाचायचं. शीर्षकाची पानं, ‘काही प्रश्न?’ची पानं आणि संदर्भग्रंथांची पानं जातात. त्यानंतर जे उरतं ते बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास असतं. दुसरी गोष्ट अधिक कामाची. बरेच शिक्षक पुढच्या लेक्चरच्या सुरुवातीला ‘मागच्या वेळी काय पाहिलं’ अशी एक-दोन पानं टाकतात. आठव्या लेक्चरचा सारांश आठव्याच्या फाइलमध्ये नसतो, नवव्याच्या पहिल्या पानांवर असतो. शिकवणाऱ्याला स्वतःला काय महत्त्वाचं वाटलं हे तिथे त्याच्याच हाताने लिहिलेलं सापडतं. पहिल्या भेटीची सुरुवात त्या पानांपासून करावी.

आता ती ४५ मिनिटं. पहिली पंधरा बसमध्ये जातात: मोबाइलवर पानं चाळायची, कोणती मालिका कुठे संपते ते पाहायचं, कोणते शब्द साफ अनोळखी आहेत ते हेरायचं. यात समजून घेण्याचा आव आणू नये. मोबाइलच्या पडद्यावर आकृत्या धड दिसतही नाहीत. उरलेली तीस मिनिटं रात्री टेबलाशी. वही उघडायची आणि या लेक्चरवर आठ ते दहा प्रश्न लिहायचे, प्रत्येकासमोर स्लाइडचा क्रमांक. उत्तरं लिहायची नाहीत, ती स्लाइडवर आहेतच. नोट्स काढायच्या नाहीत, कारण अठरा दिवसांत चोवीस लेक्चर्सच्या सुबक नोट्स काढणं म्हणजे शिक्षकांच्या स्लाइड्स आपल्या अक्षरात पुन्हा छापणं. रंगीत पेनांची हौस असेल तर ती सेमिस्टरच्या सुरुवातीला भागवावी.

प्रश्न कसा लिहायचा यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, म्हणून एक स्लाइड जवळून पाहू. पेज रिप्लेसमेंटच्या लेक्चरमध्ये एक हमखास स्लाइड असते: बेलाडीची विसंगती. प्रोग्रामला जास्त फ्रेम्स दिल्या तर पेज फॉल्ट कमी व्हावेत, पण फिफो पद्धतीत कधी कधी ते वाढतात. लास्लो बेलाडी आणि सहकाऱ्यांनी हे १९६९ मध्ये दाखवलं. स्लाइडवर संदर्भांची ओळ असते: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. खाली भरलेला तक्ता. तीन फ्रेम्सना ९ फॉल्ट, चार फ्रेम्सना १०. विद्यार्थी तक्त्यावरून नजर फिरवतो, ‘हो, समजलं’ म्हणतो आणि वहीत लिहितो: ‘बेलाडीची विसंगती म्हणजे काय?’ हा प्रश्न फुकट गेला. त्याचं उत्तर एका वाक्यात पाठ होतं आणि पेपरात तक्ता भरायला येतो तेव्हा ते वाक्य उपयोगी पडत नाही. वहीत असं हवं: ‘१ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५, फिफो, तीन आणि चार फ्रेम्स, फॉल्ट किती? एलआरयूने किती?’

दुसऱ्या दिवशी ती कोऱ्या कागदावर हा तक्ता भरायला बसते तेव्हा खरी गोष्ट कळते. चार फ्रेम्समध्ये १, २, ३, ४ भरले, चार फॉल्ट झाले. पुढचे १ आणि २ आधीच आत आहेत, म्हणून फॉल्ट नाही. मग ५ आला. कोणाला काढायचं? फिफोमध्ये सर्वांत आधी आलेला १ जातो, तो आत्ताच वापरला गेला असला तरी. पण हात नकळत ३ ला काढतो, कारण १ आणि २ ‘आत्ताच तर आले’ असं वाटतं. हे फिफो राहिलं नाही, एलआरयू झालं. असं भरत गेलं की तीन फ्रेम्सना १० आणि चारना ८ फॉल्ट निघतात. फ्रेम्स वाढल्या आणि फॉल्ट कमी झाले. उत्तर इतकं शहाण्यासारखं दिसतं की चूक झाली अशी शंकाच येत नाही. विसंगतीचा प्रश्न सोडवला आणि त्यातली विसंगतीच गायब. स्लाइड दहा वेळा पाहूनही ही चूक सापडत नाही, कारण स्लाइडवरचा तक्ता दुसऱ्या कोणीतरी बरोबर भरून ठेवलेला असतो.

दुसऱ्या भेटीचा जोर आहे तो इथे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा एकदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. यातला पाच मिनिटांचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. पुन्हा वाचणाऱ्याला आपला अभ्यास झालाय असं का वाटतं, ते त्यातून कळतं. त्या क्षणी तो खरंच पुढे असतो. रात्री साडेदहाला स्लाइड्स बंद करताना सगळं येत असतं. पेपर मात्र साडेदहाला नसतो.

दुसऱ्या भेटीत एक खूण करायची. न पाहता नीट आलं त्या प्रश्नाला बरोबरची, अडलं किंवा चुकलं त्याला फुलीची. दहापैकी आठ-नऊ आले तर तिसरी भेट पाच मिनिटांत उरकेल. तीन-चारच आले तर ते लेक्चर अजून शिकलेलंच नाही. त्यावर दुसरी भेट झाली असं स्वतःला सांगू नये, आणखी वीस मिनिटं पहिल्या भेटीसारखी द्यावीत. मोकळे ठेवलेले चार तास इथेच जातात. आणि दहापैकी दहा सलग तीन-चार लेक्चर्सना आले तर बहुधा अभ्यास नव्हे, प्रश्नच सोपे झालेत.

आता प्रत्यक्ष दिवस मांडू. पहिल्या गुरुवारी दोन नवी लेक्चर्स, ९० मिनिटं संपली. शुक्रवारी कालच्या दोघांची दुसरी भेट, चाळीस मिनिटं, आणि एकच नवं. शनिवारी तीन नवी आणि एक दुसरी भेट. रविवारी चार नवी, शनिवारच्या तिघांची दुसरी भेट, चार तास झाले आणि एक तास शिल्लक राहिला. चार दिवसांत दहा लेक्चर्स, बरं वाटतं. सोमवारी किती नवी? शून्य. रविवारच्या चौघांच्या दुसऱ्या भेटींना ८० मिनिटं लागतात आणि सोमवारी आहेत नव्वद.

नोकरदाराचं वेळापत्रक नेमकं इथेच फसतं. रविवार मोकळा दिसतो म्हणून सहा लेक्चर्स उडवली जातात. प्रत्येक नवं लेक्चर ही उधारी आहे: आज ४५ मिनिटं रोख आणि उद्याच्या नावावर वीस. सहा लेक्चर्सचे सोमवारी १२० मिनिटं देणे होतात आणि गल्ल्यात असतात ९०. सोमवारचं मंगळवारवर जातं, मंगळवारचं बुधवारवर, आणि गुरुवारी ती ठरवते की दुसऱ्या भेटी राहू देत, आधी सगळं एकदा ‘कव्हर’ करू. म्हणजे परत पहिल्या कागदावर, २४ भागिले १८. ज्याला दिवसभर वेळ आहे त्याला ही चूक परवडते, दुसऱ्या दिवशी दोन तास जास्त बसतो. जिचा सोमवार दीड तासाचा आहे तिने रविवारी किती घ्यायचं हे सोमवारकडे बघून ठरवायचं. सूत्र सोपं आहे: उद्याची मिनिटं भागिले वीस, यापेक्षा जास्त नवी लेक्चर्स आज घ्यायची नाहीत. नव्वदला वीसने भागलं की साडेचार. म्हणून रविवारी चार.

पुढचा आठवडा त्याच चालीने जातो. मंगळवारी दोन नवी, बुधवारी एक. गुरुवारपासून पहिल्या लेक्चर्सच्या तिसऱ्या भेटी सुरू होतात, त्यामुळे गुरुवार-शुक्रवारी रोज एक नवं, एक दुसरी भेट, दोन तिसऱ्या, असं ८५ मिनिटांचं मिश्रण होतं. शनिवारी तीन नवी, रविवारी चार, पुन्हा सोमवार नव्याविना. मंगळवारी, पेपरला सहा दिवस असताना, शेवटची दोन. त्यानंतर नवं काही नाही. शेवटच्या पाच दिवसांत नवं लेक्चर घेऊ नये हा नियम या मांडणीतून आपोआपच पाळला जातो, कारण त्यानंतर घेतलेल्याला आठवड्याच्या जवळपासचंही अंतर मिळत नाही.

साहजिकच प्रश्न येतो की शेवटी कोणती दोन ठेवायची. फाइलचा क्रमांक म्हणजे उजळणीचा क्रम नव्हे. पहिलं लेक्चर बहुतेक ठिकाणी ओळखीचं असतं: ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, तिचा इतिहास, प्रकार. अनेकजण अठरा दिवसांतला सर्वांत ताजा दिवस त्यावर घालवतात. ते शेवटी टाकावं. जिथे हात चालवावा लागतो ते आधी घ्यावं: सीपीयू शेड्युलिंगचे तक्ते, सेमाफोर, डेडलॉक आणि बँकर्स अल्गोरिदम, पेजिंगची पत्त्यांची गणितं, पेज रिप्लेसमेंट, डिस्क शेड्युलिंग. एवढंच पाहावं की एक दुसऱ्यावर उभं नाही ना. पेजिंग समजल्याशिवाय पेज रिप्लेसमेंट घेता येणार नाही. कशावर किती गुण येतात ते मागच्या तीन-चार वर्षांचे पेपर एकत्र ठेवले की अर्ध्या तासात दिसतं. हा अर्धा तास आखणीच्या आधीचा आहे, पेपरच्या आदल्या दिवसाचा नाही.

सगळं एका मोठ्या कागदावर मावतं. चोवीस ओळी, तीन रकाने. पहिल्या रकान्यात भेट झाली की तारीख शाईने लिहायची आणि त्याच वेळी दुसऱ्या रकान्यात पुढची तारीख पेन्सिलने. संपूर्ण अठरा दिवसांचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी शाईने लिहून ठेवणाऱ्याचं ते चौथ्या दिवशी खोटं ठरतं, आणि खोटा ठरलेला कागद पुन्हा कोणी बघत नाही.

कारण दिवस बुडणारच. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी काउंटरवर रोकड जुळत नाही. सगळ्यांना थांबवून घेतात, चलनं पुन्हा तपासली जातात, ती घरी पोचते ती साडेनऊला आणि वहीला हात लागत नाही. त्या दिवशी चौदावं लेक्चर नवं होतं, तेराव्याची दुसरी भेट होती आणि पहिल्या दोघांच्या तिसऱ्या. शुक्रवारी काय करायचं? दोन्ही दिवसांचं एकत्र करायला १७० मिनिटं लागतील, ती नाहीत. आधी दुसऱ्या भेटी करायच्या, कारण त्या लांबल्या की पहिल्या भेटीची ४५ मिनिटं पाण्यात जातात. मग तिसऱ्या, आणि उरलेल्या वेळात नवं. नवं लेक्चर एक दिवस पुढे गेलं तर त्याचं काहीच बिघडत नाही. ते अजून विसरलं गेलेलं नाही, कारण ते शिकलंच गेलेलं नाही. तर शुक्रवारी तेराव्याची दुसरी भेट, पहिल्या दोघांच्या तिसऱ्या आणि चौदावं. पंधरावं शनिवारी. सगळी रांग एका लेक्चरने मागे सरकते आणि शेवटचं लेक्चर मंगळवारऐवजी पेपरच्या आधीच्या गुरुवारी पडतं, जिथे पन्नास मिनिटं मोकळी होती. ते ओळखीचं, हलकं लेक्चर असल्याने तिथे चालून जातं. असा एक दिवस हे वेळापत्रक पचवतं, दुसराही कसाबसा. तीन बुडाले तर लेक्चर्स कमी करायची, भेटी नाहीत.

तिसऱ्या भेटी बसमध्ये होतात. कागद लागत नाही. फुलीचे प्रश्न वाचायचे आणि उत्तर मनात पूर्ण वाक्यात म्हणायचं. इथे एक पथ्य: एका लेक्चरच्या सगळ्या फुल्या सलग घेऊ नयेत. चार लेक्चर्सचे प्रश्न मिसळून घ्यावेत. शेड्युलिंगच्या लेक्चरचे प्रश्न सलग सोडवताना कोणती पद्धत लावायची हे वरचं शीर्षकच सांगत असतं. पेपरात शीर्षक नसतं. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर हे तपासलं. एकाच प्रकारची गणितं सलग करणाऱ्यांची सरावात जास्त उत्तरं बरोबर आली, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मिसळून करणारे खूप पुढे निघाले.

शेवटच्या शनिवारी एक जुना पेपर, घड्याळ लावून, हाताने. ७० गुण आणि अडीच तास असतील तर गुणामागे दोन मिनिटांपेक्षा थोडं जास्त मिळतं. सात गुणांच्या प्रश्नावर पंचवीस मिनिटं गेली तर शेवटचा प्रश्न कोरा राहतो. दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्यांना इथे एक अनपेक्षित अडचण येते. सलग अडीच तास पेनाने लिहिण्याची हाताची सवय गेलेली असते. पहिल्या तासानंतर अक्षर बिघडतं आणि वेग पडतो. हे पेपरच्या दिवशी कळण्यापेक्षा शनिवारी कळलेलं बरं, आणि दुसऱ्या भेटी कोऱ्या कागदावर लिहून केल्या असतील तर त्रास कमी होतो. राहिलेल्या अर्ध्या तासात पेपर तपासायचा. चुकलेल्या प्रत्येक गोष्टीचं लेक्चर शोधून त्या ओळीत फुली वाढवायची. रविवारचे पाच तास त्या फुल्यांचे, आणि ज्यांची तिसरी भेट राहिली त्या दोघांचे.

हे सगळं ४५ मिनिटांच्या हिशेबावर उभं आहे, आणि तो प्रत्येकाने स्वतःच्या घड्याळाने पडताळावा. मधल्या अवघडपणाचं एक लेक्चर घ्यायचं आणि पहिली भेट मोजायची. बुडलेल्या लेक्चरला सत्तर मिनिटं लागू शकतात. चोवीसही लेक्चर्स तशी असतील तर पहिल्या भेटींनाच २८ तास लागतील, भेटींची बेरीज ४० वर जाईल आणि जुना पेपर, शेवटचा रविवार काहीच उरणार नाही. मग चोवीसमधली पाच-सहा लेक्चर्स पहिल्याच दिवशी बाजूला काढावी लागतात.

आणि अठराऐवजी पाचच दिवस असतील, तेही कामाचे? तर ४५० मिनिटं आहेत. तिसऱ्या भेटीला जागा नाही. पहिली आणि दुसरी मिळून एका लेक्चरला ६५ मिनिटं लागतात, म्हणजे सहाच लेक्चर्स. कोणती सहा हे जुने पेपर सांगतील. उरलेल्या अठरांची फक्त पुढच्या लेक्चरच्या सुरुवातीची ती एक-दोन सारांशाची पानं, बसमध्ये, एकदा.